काळजीचे कारण नाही

सोमवारी सकाळी दात घासताना कपाळावर तीन फोड दिसले. दुपारपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टरांच्या कंपाउंडरने मला जिन्यातच अडवलं. वर बाकावर दोन लहान मुलं बसली होती. माझ्याकडे बघून कंपाउंडर म्हणाला, "तुम्ही तिथेच थांबा, डॉक्टर खाली येतील." एवढ्या वर्षांत डॉक्टर कुणासाठी खाली आल्याचं मी पाहिलं नव्हतं. आले, पण चार पायऱ्या वर थांबून त्यांनी टॉर्च मारली.

"कांजिण्या," ते म्हणाले.

"माझं वय चोवीस आहे."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

लहानपणी ताईला कांजिण्या झाल्या, बाबांना त्यांच्या लहानपणी झाल्या. माझ्या वाटच्या राहिल्या होत्या, त्या अशा मुहूर्तावर पोचत्या झाल्या. कारण गुरुवारी सकाळी दहा वाजता माझी परीक्षा होती.

ही परीक्षा लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीच्या परवान्याची. दोन वर्षं मी एका लिफ्ट कंपनीत हेल्पर आहे. हेल्पर म्हणजे जो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरतो, ग्रीस लावतो आणि वरून वस्तादांनी "काय रे, जिवंत आहेस ना?" विचारलं की "हो" म्हणतो. परवाना मिळाला तर टेक्निशियन. वस्तादांच्या हाताखाली जागा रिकामी होती आणि ती महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली होती. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीस तारखेपर्यंत परवाना टेबलावर, नाहीतर बाहेरचा माणूस. परीक्षेला गैरहजेरी लागली की पुढचे सहा महिने अर्जच करता येत नाही. म्हणजे गुरुवार हुकला, तर सहा महिने खड्डा, आणि वर दुसराच कुणीतरी "जिवंत आहेस ना?" विचारणार.

"गुरुवारी परीक्षा आहे," मी डॉक्टरांना म्हणालो.

"शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत माणसांत मिसळायचं नाही. दहा दिवस धर." त्यांनी प्रमाणपत्र लिहिलं. आजार, तारखा, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं व्यवस्थित. कंपाउंडरने तो कागद खुर्चीवर ठेवला, खुर्ची जिन्याच्या तोंडाशी सरकवली आणि मागे सरकून उभा राहिला. जणू मी वाघच. मी कागद उचलून निघालो.

परीक्षा केंद्राच्या संकेतस्थळावर लिहिलं होतं: आजारपणामुळे तारीख बदलून हवी असल्यास परीक्षेपूर्वी ईमेलने अर्ज करावा, सोबत प्रमाणपत्र जोडावं, दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल. सोमवार, मंगळवार, बुधवार. बसत होतं. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर लिहिलं:

"माझी परीक्षा गुरुवारी सकाळी दहाला आपल्या केंद्रावर आहे. परीक्षार्थी क्रमांक खाली दिला आहे. मला कांजिण्या झाल्या आहेत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. कृपया याच महिन्यातली पुढची तारीख द्यावी."

पाठवायच्या आधी मी एक चूक केली. बाबांना वाचून दाखवलं.

बाबा चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून आत गेलं आणि गेलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून बाहेर. निवृत्त झाल्यावर घरात आवक राहिली वाण्याच्या यादीची आणि जावक रद्दीची. त्यामुळे एखाद्या अर्जाचा वास आला की ते खुर्ची पुढे ओढतात.

"ही काय तार आहे?" ते दाराबाहेरून म्हणाले.

"ईमेल आहे."

"'मला कांजिण्या झाल्या आहेत.' असं कुणी परक्या माणसाला तोंडावर सांगतं का? विषय कुठे आहे? संदर्भ कुठे आहे? महोदय कुठे आहे?"

"बाबा, त्यांना फक्त क्रमांक आणि प्रमाणपत्र लागतं."

"माझ्या टेबलावरून लाखभर अर्ज गेलेत. कोणता वर जातो आणि कोणता खाली दबतो, हे तू मला शिकवू नकोस. रडगाण्याचा अर्ज नेहमी खाली दबतो."

मला एकशे दोन ताप होता. डाव्या पापणीवर एक फोड आला होता, त्यामुळे अर्धं जग बंद होतं. मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी माझा लॅपटॉप बाहेर घेतला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने लिहायला बसले. दोन तास टक्, टक् असा आवाज येत राहिला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "'सविनय' एकदाच पुरे ना?" मी काहीतरी हूं केलं. साडेचारला त्यांनी लॅपटॉप दारातून आत सरकवला. मी उघड्या डोळ्याने बघितलं. विषय होता, संदर्भ होता, "उपरोक्त विषयास अनुसरून" होतं. खाली बरंच काही होतं. प्रमाणपत्र जोडलंय एवढं पाहिलं, पाठवा दाबलं आणि आडवा झालो.

लगेच उत्तर आलं. आपला अर्ज प्राप्त झाला आहे, हा संदेश यंत्रणेने पाठवला आहे, यास उत्तर देऊ नये.

"पोच आली," मी सांगितलं.

"येणारच," बाबा म्हणाले. "विषय नीट लिहिला की पोच येते."

मंगळवारी काही आलं नाही. वस्तादांचा फोन आला. "काय रे, जिवंत आहेस ना?"

"हो."

"परीक्षेचं काय?"

"अर्ज केलाय."

"अर्ज करून लिफ्ट वर जात नाही, बाळा," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. वस्तादांना प्रत्येक गोष्ट लिफ्टमध्ये बसवायची सवय आहे.

बुधवारी दुपारी मी केंद्राच्या मदत क्रमांकावर फोन लावला. नोंदणीसाठी एक दाबा, शुल्कासाठी दोन दाबा, निकालासाठी तीन दाबा. आजाऱ्यांसाठी काहीच दाबायचं नव्हतं. मी तीन दाबलं, माझा निकाल लागायच्या बेतात होता म्हणून. अठरा मिनिटं सनई वाजली. मग एक मुलगा म्हणाला, "अर्ज प्रक्रियेत आहे सर."

"परीक्षा उद्या आहे."

"हो सर, दिसतंय. परीक्षा उद्या आहे आणि अर्ज प्रक्रियेत आहे."

"मग मी उद्या काय करू?"

"उत्तराची वाट बघा सर."

"आणि उत्तर परवा आलं तर?"

"तर परवा कळेल सर."

त्याचा आवाज इतका गोड होता की भांडायला कुठे धरावं तेच समजेना.

उत्तर साडेपाचला आलं. मी ते तीनदा वाचलं.

"आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. सोबतचे प्रमाणपत्र आणि आपले निवेदन यांत विसंगती आढळते. निवेदनाच्या अखेरच्या परिच्छेदानुसार आपली प्रकृती उत्तम आहे. तरी परीक्षार्थीने ठरलेल्या वेळी केंद्रावर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास नियमानुसार कार्यवाही होईल. फेरविचारासाठी नव्याने अर्ज करता येईल. उत्तर दोन कामकाजाच्या दिवसांत दिले जाईल."

अखेरचा परिच्छेद. मी पाठवलेला ईमेल उघडला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा खालपर्यंत गेलो. आजाराचं वर्णन, विनंती, नियमाचा उल्लेख, सगळं खरंच चोख होतं. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर:

"तथापि, सद्यःस्थितीत प्रकृती उत्तम असून काळजीचे कोणतेही कारण नाही, हे आपल्या माहितीस्तव सविनय सादर."

"बाबा," मी हाक मारली.

ते दाराबाहेर आले. मी वाचून दाखवलं.

"हो," ते म्हणाले. "मग?"

"प्रकृती उत्तम आहे असं तुम्ही लिहिलंय."

"अरे, ते लिहायचंच असतं. पत्राच्या शेवटी समोरच्याला घोर लावून ठेवू नये. तुझ्या आजीचं हाड मोडलं होतं तेव्हासुद्धा मी तुझ्या आत्याला तसंच लिहिलं होतं."

"आत्या परीक्षा घेत नाही, बाबा."

"वाचणाऱ्याला एवढं समजायला हवं," ते म्हणाले. " मी चौतीस वर्षं वाचली ना पत्रं. शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही."

"यांनी वाचला."

तेवढ्यात ताई कामावरून आली. ताई एका गोदामात मालाच्या पावत्या तपासते. तिला लोक काय म्हणाले त्यापेक्षा कागद काय म्हणतो यात जास्त रस असतो. तिने चप्पल काढता काढता दोघांचं ऐकून घेतलं, उत्तर वाचलं, माझा अर्ज वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी तिने बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

"प्रवेशपत्र दे," ती मला म्हणाली.

प्रवेशपत्राच्या मागे अगदी बारीक अक्षरांत बावीस सूचना होत्या. त्या आजवर कुणीच वाचलेल्या नाहीत, छापणाऱ्यानेही नसाव्यात. ताई वाचायला बसली. पाण्याची बाटली आणू नये आणि मनगटी घड्याळ आणू नये, या दोन्हींच्या मध्ये तिला सूचना क्रमांक चौदा सापडली.

"ऐक. 'केंद्रावर वेळेत हजर झालेल्या परीक्षार्थीमध्ये संसर्गजन्य आजाराची लक्षणे आढळल्यास त्यास प्रवेश नाकारण्यात येईल व केंद्रामार्फत पुढील उपलब्ध तारीख देण्यात येईल.'"

"म्हणजे?"

"म्हणजे परीक्षा द्यायची नसेल, तर तू द्यायला जायला हवंस."

"डॉक्टर म्हणालेत माणसांत जायचं नाही."

"आत जाऊच नकोस. फाटकाबाहेर उभा राहा, त्यांना दिस, नाही म्हणू दे आणि परत ये. मोकळ्या हवेत, तोंड झाकून. मी गाडी काढते."

"मीही येतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"फाइल कोण धरणार?"

गुरुवारी सकाळी ताईने मला मागच्या सीटवर बसवलं आणि सगळ्या काचा खाली केल्या. अंगभर गुलाबी लोशन, त्यावर लांब बाह्यांचा शर्ट, त्यावर मास्क. पुढे बाबा इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फाइल. ती फाइल त्यांनी सकाळी सहाला लावली होती. प्रत्येक कागदाला क्रमांक, वर अनुक्रमणिका. चार कागदांची अनुक्रमणिका.

परीक्षा केंद्र एका तीन मजली इमारतीत होतं. बाहेर लोखंडी फाटक, फाटकात एक खुर्ची, खुर्चीत सुरक्षारक्षक. साडेनऊला परीक्षार्थी एकेक करून आत जात होते. ताईने गाडी समोरच्या फुटपाथला लावली. मी उतरून झाडाखाली उभा राहिलो. बाबा रस्ता ओलांडून गेले.

पुढचं मला दहा-बारा पावलांवरून नीट ऐकू येत होतं.

"परीक्षार्थी?" रक्षक म्हणाला.

"नाही, वडील."

"वडलांना प्रवेश नाही."

"मला आत बोलायचंय फक्त."

"फक्त परीक्षार्थी आत."

"परीक्षार्थी तो बघा, तिथे उभा आहे. त्याला संसर्गजन्य आजार आहे."

"मग त्याला पण प्रवेश नाही."

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. ज्याला आत जायची मुभा होती त्याने जायचं नव्हतं, आणि जो जाऊ शकत होता त्याला मुभा नव्हती.

"त्याला प्रवेश नाही, हेच लिहून द्या," बाबा म्हणाले.

रक्षकाने थोडा विचार केला. इतके दिवस लोक आत सोडा म्हणून मागे लागत होते. नाकारल्याचा कागद मागणारा हा पहिलाच. त्याने मोबाइल उचलला, फाटकाबाहेर दोन पावलं आला आणि मला म्हणाला, "मास्क काढा, स्कॅन करतो."

मी लांबूनच मास्क काढला. त्याने हात पूर्ण लांबवून मोबाइल माझ्याकडे रोखला. मोबाइलचा पडदा लाल झाला आणि आवाज आला.

"चेहरा जुळत नाही," रक्षक म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "झालं काम. प्रवेश नाकारला."

"कारण काय पडलं?" ताई गाडीतून ओरडली.

"चेहरा जुळत नाही."

ताई गाडीतून उतरली. प्रवेशपत्राची मागची बाजू तिने एव्हाना पाठ केली होती. "दादा, ते नको. सूचना क्रमांक नऊ. चेहरा जुळला नाही तर तोतया धरतात, मग दोन वर्षं बंदी. आम्हाला चौदा हवाय."

"माझ्याकडे चौदाचं बटण नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"मॅडमकडे."

"मॅडमना बोलवा."

"मॅडम परीक्षा सुरू करायला गेल्यात. साडेदहाला मोकळ्या होतील."

नऊ पंचेचाळीसला नोंदणी बंद होत होती. नऊ एकोणचाळीस झाले होते. उन्हाने लोशन पाघळायला लागलं आणि पाठीवर, नेमकं जिथे हात पोचत नाही तिथे, खाज सुटली. मी झाडाच्या खोडाला पाठ घासली. आत जाणाऱ्या एका मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि पावलं भराभर टाकली. मी इथे स्वतःच्या पायांनी आलो होतो, वेळेत, मूळ ओळखपत्रासह, आणि माझ्यासमोर माझाच तोतया ठरत होतो.

बाबांनी मग एक गोष्ट केली. ते फाटकातल्या रक्षकाच्या खुर्चीत बसले.

"काका, उठा."

"आवक नोंदवही आणा."

"काय?"

"आलेल्या माणसाची वेळ कुठेतरी लिहीत असाल ना? ती वही आणा. वेळ लिहा. नऊ एकोणचाळीस. मग तुमच्या मॅडम साडेदहाला आल्या काय किंवा साडेबाराला आल्या काय. कागद वेळेत आत आला ना, मग पुढचा उशीर कचेरीचा असतो. त्याचा नाही."

रक्षकाला यातलं किती कळलं देव जाणे, पण खुर्ची गेली हे कळलं. त्याने वॉकीटॉकीवर मॅडमना बोलावलं.

मॅडम नऊ बेचाळीसला पायऱ्यांवर आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर दोनशे परीक्षार्थी. बाबा उठून उभे राहिले. मॅडमनी क्रमांक घातला आणि वाचलं.

"यांचा अर्ज नामंजूर झालाय. प्रकृती उत्तम आहे असं स्वतः लिहिलंय यांनी." त्यांनी मान वर केली. "कुठे आहेत?"

मी झाडाखालून हात वर केला. मॅडमनी मला पाहिलं. एक पायरी मागे सरकल्या.

"हे उत्तम आहे?"

"ते वाक्य मी लिहिलं," बाबा म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"वडील. तो तापात होता. त्याने साधा चार ओळींचा अर्ज लिहिला होता. शेवटचं वाक्य माझं. खोटं लिहायचं म्हणून नाही लिहिलं. वाचणाऱ्याला उगाच काळजी नको म्हणून लिहिलं. मी चौतीस वर्षं अर्ज हाताळलेत, मॅडम. चूक माझी आहे. तसं लिहून सही करून देतो."

बाबांच्या तोंडून "चूक माझी" हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही एका रस्त्याच्या पलीकडून.

मॅडम म्हणाल्या, "काका, आम्हाला काळजी वाटली असती तर सोमवारीच तारीख दिली असती."

बाबांनी मान हलवली.

"आणि अर्ज दुसऱ्या कुणी लिहिला, हे मला सांगू नका. ते मी ऐकलं नाही. त्याचा वेगळा नियम आहे." त्यांनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "रजिस्टरवर परीक्षार्थीची सही लागेल. हजर होता म्हणून. तीन मिनिटं आहेत."

रजिस्टर रक्षकाने आणलं. रस्ता ओलांडायला तो तयार नव्हता. ताईने ते घेतलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि बाजूला झाली. मी पुढे होऊन सही केली. पेन दोरीने रजिस्टरला बांधलेलं होतं. रक्षकाने लांबूनच हातवारे करून दोरी तोडायला सांगितलं. "ठेवा तुमच्याकडेच."

मॅडमनी नऊचं काढून चौदा टाकलं. "ईमेल येईल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. एकूण काम दीड मिनिटाचं होतं.

ईमेल संध्याकाळी आला. "सूचना क्र. १४ अन्वये आपणास प्रवेश नाकारण्यात आला आहे. नवीन तारीख : २४. मान्य असल्यास आजच या ईमेलला उत्तर द्यावे, अन्यथा तारीख रद्द समजावी. निकाल परीक्षेनंतर त्वरित, परवाना तीन दिवसांत." चोवीस अधिक तीन सत्तावीस. मी वस्तादांना फोन केला.

"जिवंत आहेस ना?"

"हो. चोवीसला आहे."

"नापास झालास तर?"

"तर अर्ज करणार नाही."

"शहाणा झालास," वस्ताद म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच लिफ्ट मध्ये आणली नाही.

मी लॅपटॉप घेतला. परीक्षार्थी क्रमांक टाकला. लिहिलं, "चोवीस तारीख मान्य आहे." आणि थांबलो, कारण दाराबाहेर खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला होता. नंतर बराच वेळ काही नाही.

"बाबा?"

"काही नाही. तू लिही."

"लिहिलंय."

"बरं." थोड्या वेळाने, "आभार मानलेस?"

मी पडद्याकडे बघितलं. चार शब्द होते आणि त्यांत विसंगती सापडणं अवघड होतं. मी लॅपटॉप दारातून बाहेर सरकवला.

"एक ओळ," मी म्हणालो. "तब्येतीबद्दल काही नाही."

टक्. टक्. बरीच मिनिटं गेली. लॅपटॉप आत आला. खाली लिहिलं होतं, "आपला आभारी आहे." त्याखाली काही नव्हतं. तरी मी अगदी तळापर्यंत जाऊन बघितलं, परत वर येऊन पहिल्यापासून वाचलं, आणि मग पाठवलं.